टेल-सम लावल्यावर उत्तर नेमकं १ ने चुकतंय? आधी बेरीज कुठून सुरू केलीत ते बघा

राजारामपुरीत बी.एस्सी.च्या मुलांना संख्याशास्त्र शिकवताना परीक्षा जवळ आली की एक तक्रार हमखास येते. 'सर, तीन फासे टाकले, त्यांतल्या सगळ्यात मोठ्या आकड्याचं एक्स्पेक्टेशन काढायचंय. टेल-समने ५.९५८ आलं, नेहमीच्या पद्धतीने ४.९५८ येतंय. पॉइंटच्या पुढचं सगळं जुळतंय की, मग अलीकडचा आकडा कसा बदलला?'

पॉइंटच्या पुढचं सगळं जुळतंय, हीच रोगाची खूण आहे. आकडेमोड बरोबर आहे, सूत्रही आठवतंय, फक्त बेरीज एक पद आधी सुरू झाली. त्याचं सविस्तर निदान इथे देतो. त्याच सूत्राचे आणखी दोन-तीन बिघाड वर्गात वारंवार दिसतात, तेही याच ओघात घेऊ.

X हा ०, १, २, ३ अशाच किमती घेणारा चल असेल, तर त्याचं अपेक्षित मूल्य टेल-समने, म्हणजे शेपटांच्या संभाव्यतांच्या बेरजेने, दोन रूपांत लिहितात:

```
E[X] = P(X ≥ 1) + P(X ≥ 2) + P(X ≥ 3) + ...
E[X] = P(X > 0) + P(X > 1) + P(X > 2) + ...
```

दोन्ही ओळींत पदं तीच आहेत, कारण पूर्णांकांत 'किमान १' आणि '० पेक्षा जास्त' यांत काही फरक नाही. गोंधळ होतो तो एका ओळीचं चिन्ह आणि दुसऱ्या ओळीची सुरुवात उचलल्यामुळे. ≥ हे चिन्ह घेऊन ० पासून बेरीज सुरू केली, की P(X ≥ 0) हे पद आत शिरतं. ते नेहमीच १ असतं, म्हणून उत्तर बरोबर १ ने फुगतं. वरच्या तक्रारीत हेच झालंय.

उलट बाजूची चूक जास्त लबाड आहे. > हे चिन्ह घेऊन १ पासून सुरुवात केली, तर P(X > 0) हे पद गळतं. फाशाचा आकडा कधी ० नसतो, त्यामुळे तिथे उत्तर बरोबर १ ने कमी येतं आणि चूक लगेच डोळ्यांत भरते. पण X शून्य होऊ शकत असेल, समजा निम्म्या वेळा शून्यच येत असेल, तर उत्तर ०.५ ने कमी येईल. दशांशही बदलतील आणि मुलं भलतीकडेच चूक शोधत बसतील. म्हणून 'फरक पूर्ण १ चा नाही, म्हणजे सुरुवात बरोबर आहे' असं गृहीत धरू नका.

सुरुवात बरोबर आहे का हे तपासायला अर्धा मिनिट पुरतो. X च्या जागी कायम ३ हाच आकडा येतो असं समजा. आता P(X ≥ 1), P(X ≥ 2), P(X ≥ 3) हे तिन्ही १ आहेत आणि पुढचं सगळं ० आहे. बेरीज ३ आलीच पाहिजे. तुमच्या वहीतल्या रूपाने ४ किंवा २ आले, तर पुढची आकडेमोड करूच नका.

हे सूत्र खरं का, ते एकदा डोळ्यांसमोर आलं की सुरुवात सहसा चुकत नाही. मार्केट यार्डात गुळाचे रवे थप्प्या लावून ठेवलेले असतात, कुठली थप्पी दोनची, कुठली पाचची. एकूण रवे मोजायचे तर एकेक थप्पी मोजून बेरीज करता येते. किंवा थर मोजता येतात: किमान एक रवा असलेल्या थप्प्या किती, किमान दोन असलेल्या किती, किमान तीन असलेल्या किती, आणि त्यांची बेरीज. पहिली रीत म्हणजे Σ k·P(X = k), दुसरी म्हणजे टेल-सम. ज्या थप्पीत काहीच नाही ती कुठल्याच थरात मोजली जात नाही, म्हणून मोजणी 'किमान १' पासून सुरू होते. 'किमान ०' हा थर जमिनीचा, त्यात गूळ नाही. मोजण्याचा क्रम बदलला तरी एकूण तेवढीच राहते, कारण सगळी पदं शून्य किंवा धन आहेत. बेरीज अनंत असली तरी ही अदलाबदल चालते, फक्त मग दोन्ही बाजू एकदमच अनंत होतात.

आता फाशांचं गणित पूर्ण करू. तीन फाशांतला सगळ्यात मोठा आकडा M. तो k किंवा त्याहून मोठा नसण्याचा अर्थ तिन्ही फासे k − 1 किंवा त्याखाली आहेत, आणि याची संभाव्यता ((k−1)/6)³. म्हणून:

```
P(M ≥ k) = 1 − ((k−1)/6)³,   k = 1, 2, ..., 6

E[M] = 6 − (0 + 1 + 8 + 27 + 64 + 125)/216
     = 6 − 225/216
     = 1071/216 ≈ 4.958
```

सरळ रीतीने करायचं तर आधी प्रत्येक आकड्याची संभाव्यता लागते. ती मिळते कशी? 'k पर्यंत' मधून 'k−1 पर्यंत' वजा करून. म्हणजे १, ७, १९, ३७, ६१, ९१ भागिले २१६. मग प्रत्येकाला अनुक्रमे १ ते ६ ने गुणायचं: १ + १४ + ५७ + १४८ + ३०५ + ५४६ = १०७१. उत्तर तेच, पण बघा काय केलं. शेपूट हातात होतं, ते वजाबाकी करून तोडलं आणि मग गुणाकार-बेरीज करून पुन्हा जोडलं. हा हेलपाटा वाचतो, तेवढंच टेल-समचं काम. फासे तीनऐवजी दहा असले तरी वरच्या रूपात फक्त घात बदलतो.

आणि ५.९५८ हे उत्तर सूत्राकडे न बघताही संशयास्पद वाटायला हवं. मोठा आकडा ६ येण्याची संभाव्यता ९१/२१६, म्हणजे साधारण ०.४२. निम्म्याहून जास्त वेळा ६ येतच नाही, तर सरासरी ६ ला चिकटून कशी बसेल?

सूत्र खऱ्या अर्थाने कामाला येतं ते 'पहिल्यांदा अमुक घडेपर्यंत किती' या जातीच्या प्रश्नांत. वर्गात मी हा प्रश्न देतो: मिसळीच्या दुकानाबाहेर रांग आहे. एकेकाला जन्ममहिना विचारत जायचं. आधी ऐकलेला महिना पुन्हा ऐकू आला की थांबायचं. सरासरी किती जणांना विचारावं लागेल? बारा महिने सारख्याच संभाव्यतेचे धरू. खऱ्या लोकांत ते अगदी सारखे नसतात, पण गणितापुरतं चालेल.

बहुतेक जण लगेच P(X = k) मांडायला घेतात. पहिले k − 1 जण वेगवेगळ्या महिन्यांचे, आणि k वा त्यांतल्याच एका महिन्याचा. हे मांडता येतं, पण त्यात दोन घटना आहेत. X > n या घटनेचा अर्थ मात्र एकाच वाक्यात मावतो: पहिल्या n जणांचे महिने सगळे वेगळे. त्याची संभाव्यता पायरीपायरीने मिळते, मागच्या पदाला (12 − n)/12 ने गुणलं की पुढचं पद:

```
P(X > 0) = 1
P(X > 1) = 1
P(X > 2) = 11/12            ≈ 0.917
P(X > 3) = (11·10)/12²      ≈ 0.764
P(X > 4)                    ≈ 0.573
P(X > 5)                    ≈ 0.382
P(X > 6)                    ≈ 0.223
P(X > 7)                    ≈ 0.111
P(X > 8)                    ≈ 0.046
```

पुढची पदं झपाट्याने लहान होतात आणि P(X > 13) शून्यच आहे, कारण तेराव्या माणसाला वेगळा महिना उरत नाही. सगळ्यांची बेरीज सुमारे ५.०३६. म्हणजे सरासरी पाच जणांतच काम होतं. इथे सगळ्यात जास्त चुकणारी जागा म्हणजे पहिली दोन पदं. 'शून्य माणसांचे महिने वेगळे' हे वाक्य विचित्र वाटतं म्हणून मुलं ते पद सोडतात आणि ४.०३६ लिहितात. विचित्र वाटलं तरी ते पद १ आहे आणि ते हवंच. कोणालाच न विचारता महिना पुन्हा ऐकू येणार नाही, एवढंच ते सांगतं.

संगणकावर करायचं असेल तर एवढं पुरेल. एक पद धरून ठेवायचं आणि गुणत जायचं, फॅक्टोरियलच्या भानगडीत पडायचं नाही:

```python
def first_repeat(N):
    total, tail = 0.0, 1.0
    for n in range(N + 1):
        total += tail          # P(X > n)
        tail *= (N - n) / N
    return total

print(first_repeat(12), first_repeat(365))
```

१२ साठी ५.०३६ आणि ३६५ साठी सुमारे २४.६१७ यायला हवं. total आणि tail या दोन ओळींचा क्रम उलटा झाला तर n = 0 चं पद गळतं आणि दोन्ही उत्तरं बरोबर १ ने कमी येतात. वहीतली चूक आणि प्रोग्राममधली चूक एकच आहे.

१ चा फरक येण्याचं आणखी एक कारण आहे, आणि त्यात सूत्राचा काही दोष नसतो. ६ पडेपर्यंत फासा टाकायचा. X म्हणजे एकूण टाकण्या की ६ पडण्याआधीच्या फुकट टाकण्या? पहिल्या अर्थाने P(X > n) = (5/6)ⁿ आणि बेरीज ६. दुसऱ्या अर्थाने P(X > n) = (5/6)ⁿ⁺¹ आणि बेरीज ५. दोन्ही बरोबर आहेत. पुस्तकं दोन्ही अर्थ वापरतात, तेव्हा उत्तर ताडून बघण्याआधी X कुठल्या आकड्यापासून सुरू होतो ते व्याख्येत वाचा. जाता जाता, इथे सरळ रीतीने Σ k(5/6)ᵏ⁻¹(1/6) काढायला श्रेणीचं विकलन करावं लागतं. टेल-समने ती साधी भूमिती श्रेणी होते.

आता वेगळ्या जातीचा बिघाड. उत्तर १ ने नाही, कितीतरी पटीने चुकतं. पेठेतल्या मंडळाच्या लकी ड्रॉचं गणित घेऊ. १०० चिठ्ठ्या, त्यांतल्या ८० कोऱ्या, १५ वर ५० रुपये, ५ वर १०० रुपये. बक्षिसाचं अपेक्षित मूल्य सरळ रीतीने १२.५० रुपये. टेल-सम लावणारा P(X ≥ 50) + P(X ≥ 100) = ०.२० + ०.०५ करतो आणि पंचवीस पैसे लिहून मोकळा होतो. चूक अशी, की सूत्र प्रत्येक पूर्णांकाला एक पद मागतं, फक्त आलेल्या किमतींना नाही. १ पासून ५० पर्यंत प्रत्येक k साठी P(X ≥ k) = 0.20 आहे, आणि ५१ पासून १०० पर्यंत ०.०५. म्हणून ५० × ०.२० + ५० × ०.०५ = १२.५०. किमतींमध्ये अंतर असेल तर त्या अंतराने गुणायचं विसरू नका. अर्थात इथे टेल-समने वाचलं काहीच नाही. दोन गुणाकार सरळ रीतीतही होते, दोन इथेही आहेत.

याच ड्रॉचं तिकीट २० रुपयांचं आहे आणि Y हा निव्वळ फायदा आहे असं म्हटलं, की आणखी एक दार उघडतं. Y च्या किमती −२०, ३०, ८०. टेल-सम डोळे झाकून लावली तर ३० × ०.२० + ५० × ०.०५ = ८.५० येतं, म्हणजे मंडळाला तोटा आणि तुम्हाला फायदा! खरं उत्तर −७.५०. सूत्राने फक्त शून्याच्या वरची बाजू मोजली, ऋण बाजू त्याला दिसतच नाही. चल ऋण होत असेल तर खालची बाजूही तशीच मोजून वजा करावी लागते:

```
E[Y] = Σ P(Y ≥ k) − Σ P(Y ≤ −k),   k = 1, 2, 3, ...
```

इथे दुसरी बेरीज २० × ०.८० = १६, आणि ८.५० − १६ = −७.५०. सोपा मार्ग मात्र बक्षिसाचं मूल्य काढून त्यातून २० वजा करण्याचा आहे. चल सरकवून धन करता येत असेल तर तेच करावं.

अनंत बेरीज मध्येच तोडणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. ६ पडेपर्यंत फासा टाकण्याचं उदाहरण घ्या, खरं उत्तर ६. दोन्ही रीतींनी पहिली दहा-दहा पदं घेऊन थांबा. टेल-सम ५.०३ देते, सरळ बेरीज ३.४२. दोघांनी पदं सारखीच घेतली, मग एवढी तफावत का? दहा टाकण्यांत ६ न पडण्याची संभाव्यता (5/6)¹⁰, साधारण ०.१६१५. या घटना सरळ बेरीज पूर्ण सोडून देते, त्यांचं योगदान शून्य धरते. टेल-सम त्यांना '१०' म्हणून मोजते, कारण m पदांवर तोडलेली टेल-सम म्हणजे E[min(X, m)] असते. फरक बरोबर १० × ०.१६१५ = १.६१५ एवढा. म्हणून एक्सेलमध्ये किंवा प्रोग्राममध्ये दोन रीतींची उत्तरं थोडी वेगळी आली, तर आधी बघा की पदं पुरेशी घेतलीत का. हा फरक m × P(X > m) एवढा असतो. तो नगण्य होईपर्यंत पुढे गेल्याशिवाय दोन्ही रीती ताडून बघण्यात अर्थ नाही.

कधीकधी मात्र कितीही पदं घेतली तरी बेरीज स्थिरावत नाही, आणि तेव्हा दोष तुमचा नसतो. बिंदू चौकात उभे राहा, नाणं टाका, छापा आला तर एक पाऊल उजवीकडे, काटा आला तर डावीकडे. पुन्हा सुरुवातीच्या जागी यायला किती पावलं? या आकड्याला T म्हणू. कधीतरी परत येणार हे निश्चित आहे, म्हणजे त्याची संभाव्यता १. पण 2n पावलांत परत न येण्याची संभाव्यता C(2n, n)/4ⁿ आहे, आणि ती साधारण 1/√(πn) च्या चालीने कमी होते. २०० पावलांनंतरही ती ०.०५६ च्या आसपास असते, ८०० पावलांनंतर ०.०२८. पावलं चौपट केली तेव्हा कुठे ती निम्मी झाली. अशा पदांची बेरीज अनंत असते, म्हणून अपेक्षित पावलंही अनंत. शेपूट किती सावकाश आटतं यावरून हे लगेच दिसतं. P(T = k) च्या तक्त्यात ते सहज लक्षात येत नाही.

मग टेल-सम कधी वापरायची? मी मुलांना एकच प्रश्न विचारायला सांगतो: प्रश्नातून आधी काय सुचतं, 'बरोबर k' की 'अजून नाही'? सगळ्यात मोठा, सगळ्यात लहान, पहिल्यांदा, पुरे होईपर्यंत अशा शब्दांत 'अजून नाही' लपलेलं असतं, आणि त्याची संभाव्यता बहुधा गुणाकाराने मिळते. एकाच स्टॉपवर केएमटीच्या दोन मार्गांच्या गाड्यांची वाट बघताय आणि दोन्ही एकमेकींपासून स्वतंत्र आहेत असं धरलं, तर 'k मिनिटं झाली, अजून एकही आली नाही' याची संभाव्यता म्हणजे दोन्ही गाड्यांच्या तशा संभाव्यतांचा गुणाकार. बरोबर k व्या मिनिटाला पहिली गाडी येण्याची संभाव्यता मांडायला गेलात तर दोन गाड्यांच्या तीन शक्यता वेगळ्या करत बसाल.

बायनोमियल आणि पॉइसॉनला मात्र हे सूत्र लावू नका. परीक्षेत वेळ वाया घालवण्याची ती हमखास जागा आहे. तिथे हातात येतं ते P(X = k), आणि P(X ≥ k) साठी त्याच पदांची लांब बेरीज करावी लागते, जिला नीटसं बंद रूप नाही. उलट k·C(n, k) = n·C(n−1, k−1) हे एक समीकरण बायनोमियलची बेरीज एका ओळीत np वर आणून सोडतं. पॉइसॉनमध्ये k आणि k! यांतला k कापला की λ बाहेर येतो. प्रश्नात 'टेल-सम वापरून' असं लिहिलेलं नसेल, तर या दोघांच्या वाटेला त्या सूत्राने जायचं कारण नाही.